बेकर टक्केवारी

पावाच्या कृतीतील प्रत्येक घटकाचे वजन पिठाच्या वजनाच्या टक्क्यांत मांडण्याची पद्धत.

व्यावसायिक बेकऱ्यांत मागणीनुसार घाण्याचे माप रोज बदलते. त्या गरजेतून ही पद्धत रुळली. पीठ नेहमी १०० टक्के धरतात, त्यामुळे सर्व घटकांची बेरीज शंभराच्या वर जाते.

साध्या पावासाठी मैदा १००, पाणी ६५, मीठ २ आणि कोरडे यीस्ट १ टक्का धरले, तर बेरीज १६८ होते (पहा : मैदा, यीस्ट). प्रत्येकी ५० ग्रॅमच्या ५० गोळ्यांना २,५०० ग्रॅम कणीक लागते. २,५०० ला १.६८ ने भागले की मैदा १,४८८ ग्रॅम येतो. त्यावरून पाणी ९६७, मीठ ३० आणि यीस्ट १५ ग्रॅम. मापे वजनाचीच हवीत, कारण वाटीभर मैद्याचे वजन भरण्यागणिक बदलते.

आंबवणातील पीठ व पाणीही हिशेबात धरावे लागते (पहा : किण्वन). ९०० ग्रॅम मैदा, ५५० ग्रॅम पाणी आणि समभागी २०० ग्रॅम आंबवण घेतल्यास पाणी वरकरणी ६१ टक्के दिसते. प्रत्यक्षात ते ६५ टक्के असते.

पाण्याच्या टक्क्यावरून कणीक घट्ट की सैल हे मळण्यापूर्वीच कळते. फुगण्याचा वेळ मात्र घाण्याच्या मापाच्या प्रमाणात वाढवता येत नाही: मोठा गोळा ऊब धरून ठेवतो आणि लवकर फुगतो.