चुकून दिलेला अर्ज मागे घेऊन मूळ उत्तरावर निर्णय मागण्याचे पत्र (शिधापत्रिका)

शिधापत्रिका रद्द का करू नये, अशी नोटीस आली आणि तुम्ही तिला मुदतीत उत्तर दिले. त्यानंतर चुकून दुसराच अर्ज दाखल झाला, तर कार्यालयात तुमच्या नावाचे दोन परस्परविरोधी कागद राहतात. अशा वेळी चुकीचा अर्ज मागे घेणारे पत्र द्यावे लागते.

एक उदाहरण

एका कुटुंबाला नोटीस आली की पतीच्या नावावर चारचाकी वाहन आहे, म्हणून ते अन्नसुरक्षा यादीसाठी अपात्र दिसते. ते वाहन पूर्वीच विकलेले होते. पत्नीने वाहन हस्तांतरणाच्या कागदासह उत्तर दिले. आठवडाभराने ती मोबाईल क्रमांक बदलण्यासाठी सेवा केंद्रात गेली. तेथे चुकीचा पर्याय निवडला गेला आणि ‘शिधापत्रिका स्वेच्छेने जमा करणे’ हा अर्ज दाखल झाला. पावतीवर अर्जाचे नाव वाचल्यावर चूक लक्षात आली.

हे पत्र का आवश्यक आहे?

स्वेच्छेचा अर्ज मंजूर झाला, तर नोंद ‘लाभार्थीच्या विनंतीवरून रद्द’ अशी होते. मग वाहन विकले होते की नाही, हे कोणी तपासत नाही. तुमचे उत्तर फाईलमध्ये न वाचता राहू शकते, आणि पुढे तक्रार केल्यास ‘तुम्हीच मागणी केली होती’ असे सांगितले जाते. म्हणून अर्जावर आदेश होण्यापूर्वी पत्र पोहोचले पाहिजे.

पत्र कसे लिहावे?

पत्रात तिन्ही कागदांचे क्रमांक व तारखा वेगवेगळ्या द्या. ‘माझा अर्ज मागे घेत आहे’ एवढेच लिहू नका. त्यावरून तुम्ही नोटिशीचे उत्तरच मागे घेतले, असा अर्थ काढला जाऊ शकतो. उत्तर कायम आहे, हे वेगळ्या वाक्यात लिहा.

पत्राचा नमुना

प्रति,
मा. तहसीलदार (पुरवठा विभाग),
तहसील कार्यालय, ………

विषय: चुकून दाखल झालेला अर्ज मागे घेणे व मूळ उत्तरावर निर्णय देणेबाबत.

संदर्भ: १) आपली नोटीस क्र. …… दि. ……
२) माझे उत्तर, आवक क्र. …… दि. ……
३) अर्ज क्र. …… दि. ……

महोदय/महोदया,

माझा शिधापत्रिका क्र. …… आहे. संदर्भ १ च्या नोटिशीला मी संदर्भ २ नुसार कागदपत्रांसह उत्तर दिले आहे. त्यानंतर मोबाईल क्रमांक बदलण्यासाठी गेले असता संदर्भ ३ चा शिधापत्रिका जमा करण्याचा अर्ज चुकून दाखल झाला. शिधापत्रिका जमा करण्याची माझी इच्छा नव्हती व नाही.

तरी फक्त संदर्भ ३ चा अर्ज मी मागे घेत आहे. त्यावर कोणतीही कार्यवाही करू नये. संदर्भ २ चे माझे उत्तर कायम असून त्याच्याच आधारे निर्णय द्यावा, ही विनंती.

सोबत: संदर्भ १ ते ३ च्या प्रती.

दिनांक: ……
सही/अंगठा, नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक

सही कोणी करावी?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार शिधापत्रिकेसाठी १८ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची घरातील ज्येष्ठ महिला कुटुंबप्रमुख मानली जाते. त्यामुळे पत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे, तिचीच सही किंवा अंगठा घ्या.

पत्र कोठे द्यावे?

ज्या कार्यालयाने नोटीस दिली, तेथेच द्या. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी हे काम तहसील कार्यालयातील पुरवठा विभाग पाहतो. इतर राज्यांत अधिकाऱ्याचे पदनाम वेगळे असते, म्हणून नोटिशीखाली असलेले पदनामच ‘प्रति’ मध्ये लिहा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्या. अर्ज ऑनलाईन झाला असेल आणि संकेतस्थळावर तो रद्द करण्याची सोय असेल, तर तीही वापरा. तरीही लेखी पत्र द्याच, कारण नोटिशीची फाईल कार्यालयात असते.

पत्रानंतर

काही दिवसांनी अर्जाची स्थिती तपासा. तो अजूनही ‘प्रलंबित’ किंवा ‘छाननीत’ दिसत असेल, तर पोच दाखवून पुरवठा विभागात विचारा. अर्ज मागे घेतला म्हणजे पत्रिका वाचली, असे नाही. नोटिशीवरील निर्णय तुमच्या उत्तरातील पुराव्यावरच होईल.

पत्रिका आधीच रद्द झाली असेल, तर या पत्राने ती आपोआप सुरू होत नाही. अशा वेळी उत्तराची पोच आणि चुकीच्या अर्जाची पावती जोडून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यांच्या आदेशाने समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते.