कोकणी भाषा, चंदगडी बोली : हा निकाल कुणी लावला?

कोकणीला आपण भाषा म्हणतो आणि चंदगडीला बोली. पण चंदगडहून घाट उतरून गोव्याकडे निघालं की बोलणं हळूहळू बदलत जातं. मराठी संपली, कोकणी सुरू झाली असा दगड वाटेत कुठेच रोवलेला नाही. मग ही रेष ओढली कुणी?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. इथे शाळा-कचेरीची भाषा प्रमाण मराठी, म्हणून घरचं बोलणं तिची बोली ठरलं.

कोकणीलाही मराठीची बोली म्हणणारे कमी नव्हते. पण १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. या २५ वर्षांत लोकांच्या तोंडचं व्याकरण बदललं नव्हतं. बदललं ते तिच्यामागचं राजकीय बळ.

गोष्ट इथे संपत नाही. १९८७ च्या कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी. रोमी लिपीत पिढ्यानपिढ्या लिहिणारे ख्रिस्ती त्या व्याख्येबाहेर राहिले. प्रमाण म्हणून पुढे आली ती फोंड्याकडची, सारस्वतांशी जोडली जाणारी अंत्रुजी. बोलीची भाषा झाली, आणि तिने लगेच आपली उतरंड रचली.

म्हणून 'शुद्ध बोल' असं कुणी सुनावलं, तर आधी विचारा : शुद्ध म्हणजे कुणाच्या घरातलं?

जय भीम!