विवाहनोंदणीतून जाहिरातीकडे : विलंब मोजण्याच्या एका रीतीची कुळकथा

जाहिरातीवर आज खर्च झालेला रुपया विक्रीच्या वहीत किती दिवसांनी उमटतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक रूढ रीत आहे. रोजच्या खर्चाची एक मालिका आणि रोजच्या विक्रीची दुसरी मालिका घेतली जाते, दुसरी मालिका पहिलीपुढे एकेक दिवस सरकवली जाते, प्रत्येक सरकवणीला दोहोंमधील सहसंबंध गुणांक काढला जातो, आणि ज्या सरकवणीला तो सर्वांत मोठा येतो तितक्या दिवसांचा विलंब धरला जातो. या रीतीला क्रॉस-कोरिलेशन म्हणतात. तिचा उगम सामान्यतः दुसऱ्या महायुद्धातील रडार आणि संदेशवहनाच्या गणितात दाखवला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे : ही रीत त्याच्या चाळीस वर्षे आधी इंग्लंडच्या विवाहनोंदणीत जन्मली, आणि त्या जन्माची एक खूण ती आजही अंगावर वागवते. जाहिरातीच्या हिशेबात तिच्याकडून होणाऱ्या बहुतेक फसगती त्या खुणेतून उद्भवतात.

सहसंबंधाची कल्पना फ्रान्सिस गॉल्टन याने १८८८ मध्ये मांडली आणि कार्ल पिअरसन याने १८९६ मध्ये तिला आजचे सूत्र दिले, हे सर्वज्ञात आहे. मात्र गॉल्टन-पिअरसन यांच्या अभ्यासात माणसांच्या उंचीसारखी मापे होती, आणि अशा मापांना काळाचा क्रम नसल्यामुळे त्यांच्यात विलंबाचा प्रश्नच उठत नव्हता. तो प्रश्न रेजिनल्ड हॉथॉर्न हूकर याने उपस्थित केला. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांचा हा मुलगा. १९०१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने इंग्लंडमधील विवाहदर आणि व्यापार यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. व्यापार तेजीत आला की लग्ने वाढतात, हे जुने निरीक्षण होते; ती किती काळाने वाढतात, हे हूकरला हवे होते.

त्याच्यापुढे पहिली अडचण आली ती आजही तशीच येते. दोन्ही मालिकांत दीर्घकालीन चढ किंवा उतार असल्यामुळे सरळ काढलेला गुणांक त्या उतारांचेच नाते सांगतो, वर्षागणिकच्या हेलकाव्यांचे नाही. म्हणून हूकरने प्रत्येक वर्षाभोवतीच्या नऊ वर्षांची सरासरी काढली, म्हणजे जी वर्षागणिक पुढे सरकत जाते ती चल सरासरी, आणि मूळ आकड्यातून ती वजा करून उरलेल्या विचलनांचाच सहसंबंध पाहिला. मग त्याने लग्नांचे आकडे व्यापाराच्या आकड्यांपुढे-मागे सरकवले, प्रत्येक वेळी गुणांक काढला आणि ते गुणांक आलेखावर मांडून शिखर कुठे येते ते शोधले. वार्षिक आकडे हाती असूनही त्याला सापडलेला विलंब वर्षाहून कमी होता, कारण त्याने सुट्या गुणांकांमधून वक्र काढून त्याचे शिखर वाचले. मालिकेतला कल काढणे, सरकवणे, शिखर वाचणे या तिन्ही पायऱ्या इथे पूर्ण झालेल्या दिसतात.

या प्रतिपादनाविरुद्ध तीन दावेदार उभे करता येतात. पहिला जॉन हेन्री पॉइंटिंग. त्याने १८८४ मध्येच गव्हाचे भाव आणि कापूस-रेशमाची आयात यांच्या चढउतारांची तुलना केली होती आणि त्यासाठी चल सरासऱ्याही वापरल्या होत्या. पण तेव्हा गुणांकच अस्तित्वात नसल्यामुळे ती तुलना डोळ्यांनी केलेली होती. दुसरा दावेदार नॉर्बर्ट वीनर आणि त्याच्या भोवतीचे संदेशवहन-अभियंते. या रीतीचा गणिती साज आणि ती यंत्रावर चालवण्याची सोय त्यांनी दिली, हे निर्विवाद आहे. पण हूकरचा निबंध छापून चार दशके उलटल्यावर. तिसरा आणि सर्वांत सबळ दावेदार अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर. परिणाम एका दिवशी येत नाही, तो अनेक कालखंडांवर विखुरलेला असतो, ही कल्पना त्याने १९२५ मध्ये मांडली आणि जाहिरातीचे आजचे गणित तीवरच उभे आहे. फिशरचा दावा खोडण्याची गरज नाही, कारण त्याचा प्रश्न वेगळा होता. परिणाम किती काळ पसरतो हे त्याला हवे होते, तर तो केव्हा सर्वांत जोरात येतो हे हूकरला. हा भेद जाहिरातदार वारंवार विसरतात.

समजा, जाहिरातीचा परिणाम दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या ८० टक्के इतका उरतो. अशा वेळी क्रॉस-कोरिलेशनचे शिखर, इतर काही बिघाड नसेल तर, एक दिवसावर येईल आणि अहवालात प्रतिसादाचा काळ एक दिवस असा लिहिला जाईल. प्रत्यक्षात त्या पहिल्या दिवशी एकूण परिणामाचा पाचवा हिस्साच येतो, निम्मा परिणाम हाती यायला आणखी दोन-तीन दिवस जातात, आणि ९० टक्के पूर्ण व्हायला साधारण अकरा दिवस लागतात. शिखर खोटे नाही. ते फक्त दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

कुळकथेतला पुढचा दुवा भारतात आहे. १९०४ पासून दोन दशके भारतीय हवामान खात्याचा प्रमुख असलेला गिल्बर्ट वॉकर पावसाळ्याच्या भाकितासाठी जगभरच्या ठिकाणांच्या वायुदाबांचे, तापमानांचे आणि पर्जन्याचे महिन्यांच्या अंतराने सहसंबंध काढत असे. इतके गुणांक काढले की त्यातला एखादा केवळ योगायोगाने मोठा निघणारच, हे त्याने ओळखले आणि १९१४ मध्ये नियम मांडला की अनेकांतून निवडलेल्या सर्वांत मोठ्या गुणांकाला एकट्या गुणांकाची कसोटी लावता येत नाही. जाहिरातीच्या विलंबाला हा नियम तंतोतंत लागू पडतो. २०० दिवसांची नोंद असेल तर एकट्या गुणांकासाठी ०.१४ च्या वरचा आकडा अर्थपूर्ण मानण्याचा प्रघात आहे, कारण २ भागिले २०० चे वर्गमूळ इतके ते येते. पण शून्य ते वीस अशा एकवीस विलंबांतून सर्वांत मोठा निवडला, तर जाहिरातीचा काहीएक परिणाम नसतानाही निदान एक गुणांक ती रेषा ओलांडण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के होते. वॉकरच्या न्यायाने रेषा ०.२१ च्या आसपास न्यावी लागते.

वॉकरचे दुसरे ऋण अधिक खोल आहे. आजचा आकडा कालच्या आकड्यावर किती अवलंबून आहे, म्हणजे मालिकेचा स्वतःशीच असलेला सहसंबंध, तो सूत्रात बसवण्याचे काम जॉर्ज उडनी यूल याने १९२७ मध्ये आणि वॉकरने १९३१ मध्ये केले. ती समीकरणे दोघांच्या नावाने ओळखली जातात. जाहिरातखर्चाला हा स्वसहसंबंध हमखास असतो, कारण मोहीम सुरू झाली की खर्च सलग काही दिवस चढा राहतो. एक रचलेले उदाहरण घेतले तर त्याचा परिणाम स्पष्ट होतो. रोजच्या खर्चाचा आदल्या दिवसाच्या खर्चाशी ०.८ इतका सहसंबंध असून तो दिवसागणिक त्याच प्रमाणात घटतो, विक्री फक्त चौथ्या दिवशी प्रतिसाद देते आणि तिथे गुणांक ०.६० आहे असे धरावे. मग तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी ०.४८, दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी ०.३८, आणि थेट शून्य दिवशीसुद्धा ०.२५ मिळतात. जिथे एकच टोकदार शिखर हवे होते तिथे रुंद टेकडी दिसते, आणि त्याच दिवशी विक्री वाढते असा निष्कर्षही कोणी त्यातून काढू शकतो.

यावरचा उपाय जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेंकिन्स यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात सांगितला, त्याला प्रीव्हाइटनिंग म्हणतात. रोजच्या खर्चातून आदल्या दिवसाच्या खर्चाचा ०.८ पट वजा करायचा, म्हणजे ज्याचा कालच्या आकड्यावरून अंदाज बांधता येत नव्हता तेवढाच भाग उरतो; नंतर विक्रीच्या मालिकेवरही नेमकी तीच वजाबाकी करायची आणि मग सरकवून पाहायचे. वरच्या उदाहरणात असे केल्यावर चौथा दिवस तेवढा उभा राहतो आणि आजूबाजूची टेकडी नाहीशी होते. ०.८ हा आकडा शोधायचा तो यूल-वॉकर समीकरणांनी. म्हणजे वॉकरने हवामानाच्या अभ्यासात वापरलेले हत्यारच इथे कामी येते. गणकयंत्रावर हे करताना एक सापळा जपावा लागतो : `R` या संगणकभाषेत `ccf(kharch, vikri)` असे लिहिले तर खर्च चार दिवस पुढे असल्याचे शिखर +४ वर नव्हे, −४ वर दिसते.

हूकरपासून जाहिरातीपर्यंतचा मार्ग एका सरळ रेषेत दाखवता येत नाही. मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील वॉरन पर्सन्स आहे, ज्याने १९१९ मध्ये सट्टा, उद्योग आणि पैसा यांचे वक्र एकमेकांपुढे सरकवून व्यापारमानदर्शक बनवला, आणि हूकरचा वारसा त्याच्याच हातून बाजारपेठेच्या अभ्यासकांकडे गेला असावा. पुढे जाहिरातीच्या संशोधनाला हवी तशी नोंद मिळाली ती अमेरिकेतील लिन या गावच्या लिडिया पिंकहॅम कंपनीची. स्त्रियांच्या तक्रारींवरचे हे वनस्पतिजन्य औषध जवळजवळ निव्वळ जाहिरातीवर खपत असे, आणि घराण्यातील भांडण न्यायालयात गेल्यामुळे कंपनीचे हिशेब बाहेर आले. क्रिस्टियन पाल्डा याने १९६४ मध्ये १९०७ ते १९६० या काळातल्या आकड्यांवर पुस्तक लिहिले, आणि हेल्मर व योहान्सन यांनी १९७७ मध्ये त्याच आकड्यांवर बॉक्स-जेंकिन्स यांची रीत चालवली.

पिंकहॅमच्या हिशेबातच जन्मखूण उघडी पडते. तिथे जाहिरातीची रक्कम बऱ्याच अंशी विक्रीच्या उत्पन्नावरून ठरे, म्हणजे विक्री वाढली की पुढच्या काळात जाहिरात वाढे. लग्ने पाहून इंग्लंडचा व्यापार कोणी ठरवत नव्हते, पुण्या-मुंबईचा पाऊस पाहून आधीच्या महिन्यांतला वायुदाब बदलत नव्हता. हूकर आणि वॉकर या दोघांनाही कारण एकाच दिशेने वाहते हे गृहीत धरता आले. जाहिरातीत ते धरता येत नाही. म्हणून विलंब फक्त पुढच्या बाजूला पाहणे पुरेसे नसून मागच्या बाजूलाही पाहावे लागते, आणि विक्री पुढे व जाहिरात मागे अशा सरकवणीलाही ठळक शिखर आले तर तो अंदाजपत्रकाचा ठसा समजावा लागतो.

याहून फसवी गोष्ट सणाची. अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी सराफ दरवर्षी मोठी जाहिरात करतो आणि सोने अक्षय्य तृतीयेलाच खपते. काही वर्षांच्या नोंदी घेतल्या तर चार दिवसांवर सुरेख शिखर येईल, पण ते पंचांगाचे आहे, कारण जाहिरात दिली नसती तरी त्या दिवशी दुकानात गर्दी झालीच असती. आठवड्याच्या लयीमुळे असेच शिखर सात आणि चौदा दिवसांवर उगवते. प्रीव्हाइटनिंगने यातला नियमित भाग काही अंशी निघतो, पण सणाचा निघत नाही, कारण तो कालच्या खर्चातून ओळखता येत नाही. सणाचे दिवस आणि आठवड्याचे वार यांचा परिणाम आधी वेगळा काढून मगच उरलेल्या विचलनांकडे जावे लागते. हूकरने नऊ वर्षांची सरासरी वजा केली ती याच हेतूने.

दिशेचा प्रश्न मात्र कोणत्याही वजाबाकीने सुटत नाही. तो सुटतो तो खर्चच वेगळ्या रीतीने करून : कोणत्या दिवशी जास्त आणि कोणत्या दिवशी कमी खर्च करायचा हे काही आठवडे विक्री न पाहता नाणे उडवून ठरवले, तर त्या मालिकेला स्वसहसंबंध राहत नाही, सणाशी तिचे संगनमत होत नाही आणि विक्रीलाही मागे वळून तिच्यावर परिणाम करता येत नाही. अशा मालिकेला प्रीव्हाइटनिंगची गरज उरत नाही, आणि तिच्यावर काढलेले गुणांक एकामागोमाग मांडले तर त्यात हूकरला हवे असलेले शिखर आणि फिशरला हवी असलेली शेपटी ही दोन्ही दिसतात.