पुनरुक्तीचा हिशेब : कॉडचा निबंध आणि वस्तुसूचीची रचना

आय.बी.एम.च्या सॅन होझे येथील संशोधनशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांचा विदासंचाच्या संबंधात्मक प्रतिमानावरील निबंध जून १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. एक तथ्य एकाच ठिकाणी नोंदवावे, या शिस्तीचे मूळ म्हणून तो सांगितला जातो. पुढे १९७१ मध्ये त्यांनी मांडलेल्या तृतीय सामान्य रूपामुळे हा समज दृढ झाला. वाचनाच्या सोयीसाठी तीच माहिती मुद्दाम दोन ठिकाणी ठेवणे, म्हणजेच डीनॉर्मलायझेशन, हे त्या शिस्तीचे उल्लंघन मानण्यात येते. मूळ निबंध वाचल्यास मात्र निराळे चित्र दिसते.

त्या निबंधाच्या उत्तरार्धात पुनरुक्ती आणि सुसंगती यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. कर्मचाऱ्याच्या नोंदीत व्यवस्थापकाचा क्रमांक असताना त्याचे नावही ठेवणे, हे कॉड यांचे उदाहरण होय. नाव क्रमांकावरून काढता येते, म्हणून ते पुनरुक्त. तथापि, अशी पुनरुक्ती प्रत्यक्ष साठवणीत उतरल्यास जागा व अद्ययावतीकरणाचा वेळ अधिक लागतो आणि काही प्रश्नांना उत्तर मात्र लवकर मिळू शकते, असा दुहेरी हिशेब ते मांडतात. त्यांनी सरसकट निषेध केलेला नाही. त्यांनी किंमत सांगितली आहे.

हा हिशेब आजच्या वस्तुसूचीस लावून पाहू. एका विक्रीसूचीत ४०,००० वस्तू आहेत आणि एका ब्रँडच्या १,२०० आहेत, असे समजू. सूचीची पाने दिवसातून दोन लक्ष वेळा वाचली जातात. ब्रँडचे नाव वेगळ्या कोष्टकात असल्यास प्रत्येक वाचनास एक जोड करावी लागते. ते वस्तूच्या ओळीतच ठेवल्यास ती वाचते. नाव वर्षातून एकदा बदलले, तर १,२०० ओळी पुन्हा लिहाव्या लागतील. हा सौदा उघडच किफायतशीर आहे. शिल्लक साठ्याचे मात्र तसे नाही. त्याची प्रत एकच असली, तरी तो प्रत्येक विक्रीगणिक बदलतो. शिवाय जुना आकडा दिसल्यास नसलेली वस्तू विकली जाते. सारांश, बदलांची वारंवारता, प्रतींची संख्या आणि जुन्या मूल्याने होणारी हानी या तीन गोष्टींवरून कोणत्या रकान्याची प्रत करावी हे ठरते.

प्रत केली की तिचा मेळ राखणे आले. नाव बदलताना मूळ ओळ आणि १,२०० प्रती एकाच व्यवहारात बदलाव्यात, हा सरळ उपाय. त्यातही एक फट राहते. नवी वस्तू नोंदवणाऱ्या प्रक्रियेने जुने नाव वाचले. तेवढ्यात नामांतराचा व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर पहिल्या प्रक्रियेने आपली ओळ जुन्या नावासह लिहिली. नामांतराच्या वेळी ही ओळ अस्तित्वातच नव्हती, म्हणून ती सुटली. नाव वाचतानाच ब्रँडच्या मूळ ओळीस सामायिक कुलूप लावून ते व्यवहार संपेपर्यंत राखल्यास ही फट बुजते.

प्रती लक्षावधी असतील, तर इतक्या ओळी एका व्यवहारात अडवून धरणे परवडत नाही. अशा वेळी मूळ बदलासोबत त्याच व्यवहारात एक सूचना नोंदवतात आणि दुसरी प्रक्रिया ती वाचून प्रती सावकाश सुधारते. येथे दोन सूचना उलट क्रमाने पोहोचल्यास जुने नाव नव्यावर बसते. म्हणून प्रत्येक बदलास चढता आवृत्तिक्रमांक देऊन, प्रतीजवळील क्रमांकाहून लहान क्रमांकाची सूचना टाकून द्यावी लागते.

एवढे करूनही तपासणी सुटत नाही. विसंगती आढळल्यास तिची नोंद ठेवावी व ठराविक काळात ती दूर न झाल्यास जबाबदार व्यक्तीस कळवावे, अथवा दिवसातून एकदा किंवा त्याहून विरळ एकगठ्ठा पडताळणी करावी, हे कॉड यांनी १९७० मध्येच सुचवले होते. ती पडताळणी आज अशी लिहिता येते :

```sql
SELECT p.id
FROM product p JOIN brand b ON b.id = p.brand_id
WHERE p.brand_name IS DISTINCT FROM b.name;
```

येथे साधे `<>` वापरल्यास रिकाम्या राहिलेल्या प्रती निसटतात. निष्पत्ती शून्य ओळींची असावी. सूचनांच्या पद्धतीत काही ओळी क्षणभर दिसणे स्वाभाविक आहे. परंतु तीच ओळ दुसऱ्या दिवशीही दिसली, तर सूचना हरवली असे समजावे.

शेवटी एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. विक्रीच्या नोंदीतील किंमत ही सूचीतील किमतीची प्रत भासते, परंतु ती त्या दिवशी ठरलेल्या सौद्याचे स्वतंत्र तथ्य होय. तिचा सूचीशी मेळ घालू गेल्यास जुनी बिलेच खोटी ठरतील. कॉड यांच्या कसोटीनेही ती पुनरुक्त नव्हे, कारण आजच्या सूचीवरून ती पुन्हा काढता येत नाही.