तुळशीचा काढा: खोकला नेमका कशानं थांबतो?



मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी दिवाळी झाली की घराघरात खोकला सुरू होतो. रात्री थंडी, दिवसा ऊन, त्यात कापूस आणि तुरीच्या शेतातली धूळ. मग आजी वृंदावनातली तुळशीची पाच-सात पानं खुडते, त्यात आल्याचा तुकडा, दोन मिरे, थोडा गवती चहा आणि गुळाचा खडा टाकून पाणी अर्धं होईपर्यंत आटवते. घशाला आराम पडतो आणि आजी म्हणते, "पाहा, तुळशीनं खोकला गेला की नाही!"

संशोधनाची तयारी करणाऱ्यानं याच वाक्यावर थांबायला हवं. काढ्यात पाच गोष्टी होत्या. मग श्रेय एकट्या तुळशीला कसं मिळालं? गंमत म्हणजे या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'सुरसा' नावाच्या वनस्पतीचे गुण सांगितले आहेत. टीकाकार सुरसा म्हणजे तुळस असं मानतात. उचकी, खोकला, श्वास, विष आणि बरगडीतलं दुखणं यांवर ती उपयोगी आहे, असं तिथे म्हटलंय. त्या यादीत खोकला आहे, पण सर्दी, म्हणजे 'प्रतिश्याय', नाही. सर्दीचा उल्लेख सुश्रुतसंहितेत 'सुरसादि गणा'त येतो. पण गण म्हणजे अनेक वनस्पतींचा समूह. त्यात निर्गुडी आहे, वावडिंग आहे, कायफळ आहे. सर्दी, खोकला, श्वास कमी होतो हा दावा त्या अख्ख्या गणाबद्दल आहे. गणाला नाव मात्र पहिल्या वनस्पतीचं पडलं. आज "सुश्रुतानं तुळशीला सर्दीचं औषध म्हटलंय" असं कोणी लिहिलं, तर मूळ संदर्भ उघडून पाहा. दावा गटाचा आहे आणि श्रेय एकीला गेलंय.

घरगुती काढ्यात तुळस पुढे येण्याचं आणखी एक साधं कारण आहे. ती दारातच असते. वावडिंग काष्ठौषधीच्या दुकानातून आणावं लागतं, निर्गुडी बांधावर शोधावी लागते. तुळशीला मात्र रोज सकाळी पाणी घातलं जातं. कार्तिकात तिचं लग्न लागतं, आणि आपल्याकडे थंडीचा खोकलाही साधारण त्याच सुमारास सुरू होतो. म्हणजे वनस्पतीची निवड फक्त गुणावर होत नाही, हाताशी काय आहे यावरही होते. लोकवनस्पतीशास्त्राचं सर्वेक्षण करताना "किती लोक तुळस वापरतात" हा आकडा मिळाला, की तो गुणाचा पुरावा समजू नका. त्यातला काही भाग नुसत्या उपलब्धतेचा असतो.

आता २०२० कडे या. कोविडच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, केंद्रीय आयुष मंत्रालयानं 'आयुष क्वाथ' नावाचं मिश्रण सुचवलं. त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळे मिरे १ भाग. ३ ग्रॅम भुकटी १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात घ्यायची. हिशोब करू. एकूण ९ भाग, त्यात तुळस ४. म्हणजे ३ ग्रॅममध्ये सुमारे १.३ ग्रॅम वाळलेली तुळस. ताज्या पानाच्या वजनात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे एवढ्या कोरड्या भुकटीसाठी चांगली मूठभर ताजी पानं लागतील. आजीच्या पाच-सात पानांत ती मात्रा बसत नाही. नाव एकच 'तुळशीचा काढा', पण दोन्हींतला डोस वेगळा आहे.

प्रयोगशाळेत काय झालं? २००५ मध्ये गिनिपिगवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सायट्रिक ॲसिडचा फवारा देऊन प्राण्यांना खोकला आणला, तेव्हा तुळशीच्या अर्कानं तो कमी झाला. पण प्राण्यात कृत्रिमपणे आणलेला खोकला आणि विषाणूमुळे माणसाला झालेली सर्दी या दोन गोष्टी एक नाहीत.

माणसांवरचा जो अभ्यास नेहमी पुढे केला जातो, तो दिल्लीच्या 'एम्स'मधला, २०११ चा. २४ निरोगी स्वयंसेवक घेतले. त्यांना पानांच्या इथेनॉल अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल चार आठवडे दिली, मग मध्ये खंड ठेवून अदलाबदल केली. रक्तातल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित काही घटकांत वाढ दिसली. अभ्यासाची आखणी चांगली आहे. पण सहभागी निरोगी होते, अर्क इथेनॉलमधला होता, आणि मोजलं गेलं ते रक्त. "खोकला किती दिवसांत थांबला" हे मोजलंच नव्हतं.

२०१७ मध्ये तुळशीच्या मानवी अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २४ अभ्यास बसले. बरेचसे मधुमेह, कोलेस्टेरॉल, ताण अशा विषयांवरचे होते. गंभीर दुष्परिणाम कोणी नोंदवले नव्हते, ही चांगली गोष्ट. पण साध्या सर्दी-खोकल्यावर घरचा काढा तपासणारी भक्कम चाचणी त्यातून हाती लागत नाही. हे स्वतः शोधायचं असेल तर दोन्ही शास्त्रीय नावं टाका, कारण जुने शोधनिबंध एका नावाखाली आहेत आणि आज मान्य असलेलं नाव दुसरं आहे:

```
("Ocimum sanctum" OR "Ocimum tenuiflorum") AND (cough OR "common cold")
```

मग आजीच्या काढ्यानं आराम पडतो तो खोटा का? नाही. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे सर्दी झालेल्या ३० जणांना एक फळाचं पेय दिलं, गरम किंवा साध्या तापमानाचं. नाकातून जाणारी हवा यंत्रानं मोजली तर काही फरक नव्हता. पण गरम पेय प्यायलेल्यांना खोकला, घसा, शिंका यांत लगेच आराम वाटला. त्यात तुळस नव्हती. मधाचंही तसंच: २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार मुलांच्या खोकल्यात काहीच उपचार न देण्यापेक्षा मध बहुधा बरा ठरतो. (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका.) शिवाय साधी सर्दी बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत आपोआप उतरते. म्हणजे काढ्यातली उष्णता, गोडवा आणि उलटणारे दिवस या तिघांचं श्रेयही तुळशीच्याच खात्यात जमा होतं.

हे वेगळं करायचं तर चाचणीत दोन्ही गटांना सारखाच गरम, सारखाच गोड, आलं-मिऱ्याचा काढा द्यावा लागेल. फरक फक्त तुळशीचा. अडचण वासाची आहे. तुळस कोणत्या पेल्यात आहे हे आपल्याकडच्या माणसाला नाकानंच कळतं. म्हणून अर्क कॅप्सूलमध्ये भरतात, आणि मग तपासला जाणारा पदार्थ घरचा काढा राहत नाही. चाचण्या कमी असण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

शेवटी गावातली एक गोष्ट. आमच्या ओळखीचे एक काका तीन आठवडे खोकत होते. रोज काढा घ्यायचे, रोज "आज बरं वाटतंय" म्हणायचे. शेवटी थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. काढ्यानं त्यांचं नुकसान केलं नाही, पण त्या आरामात तपासणी लांबली. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्याची क्षयरोगासाठी तपासणी करा, असं सरकारी कार्यक्रम सांगतो. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आजी अजूनही काढा करते आणि मी तो पितो. फक्त चौदाव्या दिवसानंतर तिनं पातेलं चढवलं, तर मी आधी थुंकी तपासायला नेतो.