आबांचा कंडेन्सर

आबांचे काका धडगावकडे शिक्षक होते. गावात वीज नव्हती, म्हणून त्यांचा रेडिओ बॅटरीवरचा. व्हॉल्व्ह पेटवायला एक लहान बॅटरी आणि ९० व्होल्टांची दुसरी, विटेएवढी. ती महाग म्हणून रेडिओ फक्त बातम्यांपुरता लागायचा. बॅटरी मंदावली की काका ती उन्हात ठेवत. तापली की आणखी काही दिवस चालायची. १९७१ च्या डिसेंबरात युद्धाच्या बातम्या ऐकायला पाड्यावरची माणसं अंगणात बसत. पोस्टात दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागत, त्याची पुस्तिका काकू पोथीसारखी जपत.

आबांना हा नाद तिथूनच लागला. विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण माळ्यावर रेडिओचे सांगाडे साठतच राहिले. यंदा दिवाळीत नंदुरबारच्या घरी त्यांनी माझ्या मुलासमोर विजेवरचा एक जुना व्हॉल्व्ह सेट उघडला. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला गल्ली जमायची, तो हाच.

“मागे ट्रान्सफॉर्मर आहे का बघ आधी,” आबा म्हणाले. “नसेल तर चासीतच करंट असतो. हात लावायचा नाही.”

ट्रान्सफॉर्मर होता. तरी त्यांनी थेट प्लगात घातला नाही. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावला. आत शॉर्ट असेल तर तो भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब क्षणभर उजळला, मग मंदावला. तेव्हा कुठे सेट सरळ विजेवर लागला.

आवाज आला, पण घशात अडकलेला. निवेदक नाकातून रडत असल्यासारखा. थोड्या वेळाने आउटपुटचा व्हॉल्व्ह, ईएल ८४, आतून लालसर दिसू लागला. आबांनी लगेच स्विच बंद केला.

शेजारचा वायरमन दारात उभा होता. “व्हॉल्व्ह गेला, आबा. नवा टाका.” त्याची आई मागून डोकावली. “हाई काय शे?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या घरची मिक्सी महिन्याभरापासून जळका वास मारते ते सांगू लागली. मिक्सी घेऊन या, म्हणून मी तिला वाटेला लावलं.

“व्हॉल्व्ह लाल झालाय हे खरं,” आबा म्हणाले, “पण नवा टाकलास तर तोही लाल होईल. त्याला ढकलतंय कोण ते शोध.”

मुलाने पुन्हा विजेवर लावून मोजलं. ग्रिडवर शून्य हवं होतं, मीटर सहा व्होल्ट दाखवत होता. कॅथोडवर सातच्या आसपास हवे, तिथे बारा. ग्रिडला नको तेवढा धन दाब मिळत होता, म्हणून व्हॉल्व्हमधून भलताच प्रवाह वाहत होता. तो दाब येणार दोनच ठिकाणांहून: अलीकडच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून येणारा मेणाचा कंडेन्सर, नाहीतर खुद्द ईएल ८४.

वीज काढून, मोठ्या कंडेन्सरमधला साठा रेझिस्टरमधून उतरवून, मुलाने त्या मेणाच्या कंडेन्सरचं एक टोक उचकटलं. मीटर लावला. “आबा, हा कपॅसिटर तर ठीक आहे. काहीच गळत नाही.”

“तुझा मीटर दोन-चार व्होल्टांनी तपासतो. इथे त्याच्यावर शंभर व्होल्ट असतात. तेवढ्यावर गळतो का ते सेटलाच विचार.”

टोक मोकळं ठेवूनच सेट चालू केला. ग्रिड शून्यावर आला, कॅथोड सातवर. व्हॉल्व्हमध्ये वायू शिरला असता, तर टोक सोडल्यावरही ग्रिडवर दाब राहिला असता. म्हणजे दोष कंडेन्सरचाच. माळ्यावरच्या डब्यात ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टांचा नवा सापडला. मुलाने सोल्डर केला. जोड जरा ढेकळासारखा झाला, आबांनी पुन्हा करायला लावला.

आवाज मोकळा झाला, आणि त्याच्याखाली विजेची घरघर ऐकू यायला लागली. मुलाचं म्हणणं, फिल्टरचा मोठा कंडेन्सर सुकला असेल, जुने सगळेच एकदम बदलू. आबांना ते पटेना. “सगळेच बदललेस आणि नवीन बिघाड आला, तर कशामुळे ते कळणार नाही.” मला वाटतं दोघंही थोडे बरोबर होते. त्या वयाचे मेणाचे कंडेन्सर फार दिवस टिकत नाहीत. पण एकेक बदलून दर वेळी मोजणारा माणूस चूक लवकर पकडतो.

मीडियम वेव्हवर नुसती खरखर होती. आबांनी एरिअलची वायर खिडकीबाहेर टाकली, काही फरक नाही. मग स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर बंद करायला सांगितला. खरखर बरीच खाली गेली आणि एक गुजराती निवेदक ऐकू आला. “अंधार पडल्यावर आणखी स्टेशनं लागतील,” आबा म्हणाले.

“मी पोळ्या लाटतेय,” आई आतून म्हणाली. “बल्ब लावा.”