पवईच्या अक्षांशावरचा फूको लंबक

* फूको लंबकाच्या झोक्याचे प्रतल एक फेरी पूर्ण करायला T = २३.९३/sin φ तास घेते. φ म्हणजे अक्षांश. पवईला (१९.१३°) हे ७३ तास भरतात. मूळ लेखकाने सिद्धता दिली आहेच, तरी आधी टोके तपासावीत. ध्रुवावर पृथ्वीच्या एका फेरीइतका वेळ, विषुववृत्तावर प्रतल फिरतच नाही: दोन्ही बरोबर. चुकून cos φ आला असता, तर इथेच उघडा पडला असता. sin² φ मात्र दोन्ही टोकांवरून सहीसलामत निसटतो! त्याला लहान कोनच पकडतो. विषुववृत्ताजवळ फिरण्याचा वेग φ च्या प्रमाणात असतो, म्हणून दक्षिणेला गेल्यावर दिशा उलटते; φ² ला ते चिन्ह कळतच नाही. अर्थात sin φ ≈ φ पवईपर्यंत ताणले, तर ७१.७ तास येतात, म्हणजे जवळपास दोन टक्के कमी. — संपादक